बोनस नको बघूस, उलाढाल बघ

परवा रविवारी नेरूळला जेवायला आलास तेव्हा हात धुता धुता माझ्यापुढे फोन धरलास. "मामा, पाच हजार भरले की वर पाच हजार बोनस. फुकट आहेत. तू हिशेबाचा माणूस, सांग, घेऊ की नको?" मामी पानं वाढत होती, म्हणून तेव्हा "आधी जेव" एवढंच म्हणालो. तू गेल्यावर मात्र विजेच्या बिलाच्या पाकिटामागे हिशेब मांडून बघितला. तो आता सविस्तर लिहून देतो. उत्तर एका शब्दातही सांगता आलं असतं, पण उद्या दुसरी कुठली ऑफर आली की तू पुन्हा विचारायला येशील. त्यापेक्षा हिशेब कसा करायचा तेच कानात सांगतो.

मी विम्याच्या कचेरीत चौतीस वर्षं हप्त्यांची कोष्टकं तपासली. पण हा हिशेब मी तिथे शिकलो नाही, शिकलो लोअर परळच्या चाळीत. त्या काळी गिरणगावात कल्याण आणि वरळी मटक्याचा आकडा घराघरात माहीत असे. शून्य ते नऊ यांतला एक आकडा लावायचा, लागला तर रुपयाला नऊ रुपये. सगळ्यांच्या तोंडी ते नऊच असायचे. आमच्या मजल्यावर एक आप्पा होते, साच्यावरचे कामगार. ते एकदा मला म्हणाले, "दहाही आकड्यांवर एकेक रुपया लाव आणि सांग, हातात किती येतात." नऊ येतात. दर दहातला एक रुपया आकडा घेणाऱ्याचा. म्हणजे लावलेल्या प्रत्येक रुपयामागे सरासरी दहा पैसे जातात, मग आज आकडा लागो वा न लागो.

आप्पांचं पुढचं वाक्य महत्त्वाचं. "किती मिळालं ते विचारू नये, किती लावलं ते विचारावं." शंभर रुपये घेऊन बसलेला माणूस जिंकलेले परत लावतो, हरला की उरलेले लावतो. तेच शंभर फिरून फिरून एकूण हजार लावले गेले की दहा टक्क्यांनी सरासरी शंभर गेले. खिशात शंभरच होते, पण तोटा हजारावर मोजला गेला. तुझ्या फोनवरचा बोनस नेमका याच खाचेवर उभा आहे.

पहिला कानमंत्र: पट कशाचा, ते आधी विचार

बोनस घेतला की तो लगेच काढता येत नाही. आधी ठरावीक रकमेचे डाव लावावे लागतात. त्याला ते वेजरिंग म्हणतात, कुणी रोलओव्हर म्हणतात. मी उलाढाल म्हणतो, कारण व्यापारात त्याला तेच म्हणतात. अट अशी लिहिलेली असते: "तीस पट". पण तीस पट कशाची?

तुझं डिपॉझिट ५,००० आणि बोनस ५,००० धर. पट नुसत्या बोनसची असेल तर उलाढाल १,५०,००० रुपयांची. पट डिपॉझिट अधिक बोनसची असेल तर ३,००,००० ची. जाहिरातीतला मोठा आकडा दोन्हीकडे तोच, "१०० टक्के बोनस, ३० पट", आणि काम दुप्पट. म्हणून ऑफर वाचताना बोनसचा आकडा झाकून ठेव आणि एकच आकडा कागदावर लिही: एकूण किती रुपयांचे डाव लावायचे आहेत. तो अटींमध्ये सरळ दिलेला नसेल तर स्वतः गुणाकार कर. गुणाकार करण्याइतकी माहितीच दिली नसेल तर तिथेच थांब.

दुसरा कानमंत्र: शंभराला टक्क्यानं भाग

आता दर रुपयामागे किती जातात ते काढायचं. मटक्यात दहा टक्के होते. एकच शून्य असलेल्या रूलेटमध्ये ३७ घरं असतात आणि पैसे ३६ घरं असल्यासारखे मिळतात, म्हणून २.७ टक्के जातात. स्लॉटमध्ये खेळाच्या माहितीच्या पानावर परताव्याचा टक्का दिलेला असतो. तो ९६ असेल तर तुझे ४ जातात. एकाच नावाचा स्लॉट वेगवेगळ्या साइटवर वेगवेगळ्या परताव्यावर लावलेला असू शकतो, म्हणून मित्रानं सांगितलेला टक्का धरू नकोस. ज्या साइटवर खेळायचं त्याच साइटवर तो खेळ उघडून टक्का बघ.

क्रिकेटच्या भावात हा टक्का लपलेला असतो, पण काढायला सोपा आहे. दोन्ही संघांच्या भावांनी एकाला भागायचं आणि बेरीज करायची. दोन्हीकडे १.९० भाव असेल तर ०.५२६ अधिक ०.५२६, म्हणजे १.०५३. भाव खरे असते तर बेरीज बरोबर १ आली असती. आता एकाला १.०५३ नं भाग, ०.९५ येतात. म्हणजे शंभर लावले की सरासरी पंच्याण्णव परत येतात आणि पाच जातात. भाव सारखे नसले तरी रीत हीच. एका बाजूला १.६५ आणि दुसऱ्या बाजूला २.२० असेल तर बेरीज १.०६१ येते आणि शंभरामागे साधारण पावणेसहा जातात.

हे दोन आकडे हातात आले की हिशेब एका ओळीचा राहतो:

अपेक्षित नफा = बोनस − (उलाढाल × दर रुपयामागचा तोटा)

अपेक्षित म्हणजे हीच ऑफर हजार जणांनी घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी किती येईल तो आकडा. विम्यात आम्ही हप्ता याच रीतीनं काढायचो.

यातून निघणारी एक सोपी खूण पाठ कर. पट नुसत्या बोनसची असेल तर शंभराला तोट्याच्या टक्क्यानं भाग. येणारा आकडा ही तुझी सीमा. ४ टक्के तोट्याच्या स्लॉटला २५ पट. अट २५ पटीच्या आत असेल तर कागदावर फायदा, वर असेल तर तोटा. पट डिपॉझिट अधिक बोनसची असेल आणि बोनस शंभर टक्के असेल तर सीमा निम्मी, म्हणजे साडेबारा. "३० पट" बघितलं की ४ टक्क्यांच्या खेळावर ती ऑफर दोन्हीकडून सीमेबाहेर आहे हे तुला आता कागद न घेता कळेल. नुसत्या बोनसच्या तीस पटीत ५,००० बोनसमधून ६,००० जातात, म्हणजे उणे १,०००.

डिपॉझिट धरून तीस पटीत १२,००० जातात आणि उत्तर उणे ७,००० येतं. इथे तू मला अडवशील: "मामा, मी भरले पाच हजार, सात कसे जातील?" बरोबर. भरल्यापेक्षा जास्त जात नाहीत. त्या उत्तराचा अर्थ असा, की बहुतेक वेळा तीन लाखांची उलाढाल पुरी होण्याआधीच खातं रिकामं होईल आणि बोनस काढायची वेळच येणार नाही. सूत्र पुरी उलाढाल धरतं, प्रत्यक्षात तू मध्येच बाद होतोस, म्हणून खरा सरासरी तोटा सूत्रापेक्षा कमी निघतो. पण उत्तर भरलेल्या रकमेपेक्षाही खाली गेलं, तर ती ऑफर बोनस द्यायला काढलेली नाही, डिपॉझिट घ्यायला काढली आहे असं समज.

तिसरा कानमंत्र: चांगला खेळ ते मोजून देत नाहीत

हुशार मुलगा म्हणेल, मग कमी तोट्याचा खेळ निवडू. ब्लॅकजॅक नीट, ठरलेल्या पद्धतीनं खेळलं तर चांगल्या नियमांच्या टेबलावर अर्ध्या टक्क्याच्या आसपासच जातं. दीड लाखाच्या उलाढालीवर फक्त ७५० रुपये. बोनस ५,०००, नफा ४,२५०. हे ऑफर देणाऱ्यालाही माहीत असतं.

म्हणून अटींमध्ये खाली कुठेतरी एक तक्ता असतो. स्लॉटचा प्रत्येक रुपया पूर्ण धरला जाईल, रूलेटचा २० टक्के, ब्लॅकजॅकचा १० टक्के. म्हणजे ब्लॅकजॅकवर शंभर लावलेस तर अटीच्या खात्यात दहाच जमा. दीड लाख पुरे करायला खरे १५ लाख लावावे लागतील. त्यावर अर्धा टक्का म्हणजे ७,५००. पाच हजारांच्या बोनससाठी साडेसात हजार.

यावरची रीत अशी: प्रत्येक खेळाचा तोट्याचा टक्का त्याच्या भारानं भाग आणि मग तुलना कर. स्लॉट ४ भागिले १, चार टक्के. ब्लॅकजॅक अर्धा भागिले ०.१, पाच टक्के. रूलेट २.७ भागिले ०.२, साडेतेरा टक्के. सगळ्यात चांगला वाटणारा खेळ या तक्त्यात स्लॉटच्याही खाली गेला. म्हणून दुसऱ्या कानमंत्रातला टक्का धरताना नेहमी हा भारानं भागलेला टक्का धरायचा.

चौथा कानमंत्र: बोनस हातात येतो की खात्याला चिकटतो

सगळे बोनस सारखे नसतात. काहींत उलाढाल पुरी झाली की बोनस तुझा होतो आणि काढता येतो. काहींत बोनस फक्त खेळायला असतो. पैसे काढताना तो वजा करून घेतात. अशा चिकट बोनसचा उपयोग तू पूर्ण बुडालास तरच होतो, कारण तेव्हा बुडालेल्या रकमेतला काही भाग त्यांचा असतो. जिंकलास तर तो तसाच परत जातो. म्हणून चिकट बोनस सूत्रात पूर्ण किमतीनं धरू नकोस.

किती धरायचा? याचं उत्तर गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटीत मिळतं. तिथल्या प्रवेशाच्या पॅकेजमध्ये एकदाच खेळायची कूपनं असतात. ती रोख होत नाहीत. हजाराचं कूपन लाल रंगावर ठेवलं आणि लाल आलं तर तुला हजार रुपयांची खरी नाणी मिळतात, कूपन मात्र ते घेऊन जातात. एकच शून्य असलेल्या रूलेटवर लाल येण्याची शक्यता ३७ मध्ये १८. म्हणजे कूपनाची सरासरी किंमत ४८६ रुपये. छापलेले हजार, खरे पाचशेहून कमी.

आता एक गंमत बघ. तेच कूपन एका आकड्यावर ठेवू दिलं तर? लागलं की ३५,००० मिळतात, शक्यता ३७ मध्ये १, सरासरी ९४६. किंमत जवळजवळ दुप्पट. लावलेलं परत मिळणार नसेल तर लांबच्या भावावर ते कमी वाया जातं, कारण परत न मिळालेला हजार मोठ्या बक्षिसासमोर किरकोळ असतो. अर्थात ३७ पैकी ३६ वेळा हात रिकामाच. आणि कूपन कुठल्या डावावर चालतं हे ठरवणं त्यांच्या हातात असतं. तुला एवढं पुरे: लावलेलं परत न देणारा बोनस सरळ अर्ध्या-अर्ध्या शक्यतेच्या डावांवर चालवावा लागत असेल तर छापलेल्या किमतीच्या निम्म्यानं धर.

पाचवा कानमंत्र: चार अटी बोटावर मोज

अटी पानभर असतात, पण हिशेब बिघडवणाऱ्या चारच.

पहिली, एका डावाची कमाल मर्यादा. बोनस चालू असताना एकदा जरी ती ओलांडली तर जिंकलेलं सगळं रद्द, असं लिहिलेलं असतं. साइट तुला तो डाव लावायला अडवतेच असं नाही. डाव लागतो, आणि पैसे काढताना त्यावर बोट ठेवलं जातं.

दुसरी, कमीत कमी भाव. १.८० च्या खालचे डाव धरणार नाही, असं असतं. त्यामुळे हमखास वाटणाऱ्या संघावर उलाढाल करून सुटता येत नाही. दोन्ही संघांवर लावून जोखीम मारण्याची युक्तीही बहुधा स्वतंत्र कलमानं बाद केलेली असते.

तिसरी, मुदत. सात दिवसांत तीन लाखांची उलाढाल म्हणजे रोज ४३,०००. ते जमणार नसेल तर बोनस शून्य धरून हिशेब कर.

चौथी आणि सगळ्यात कमी वाचली जाणारी, काढता येणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा. "बोनसमधून जास्तीत जास्त इतकेच काढता येतील." सरासरी ही मोठ्या जिंकण्याच्या जोरावर उभी असते. दहा जणांतले सात जण हरतात आणि एखादा खूप जिंकतो, तेव्हा ती सरासरी बनते. वरचं टोक छाटलं आणि खालचं तसंच ठेवलं तर तुझं सूत्र खोटं पडतं. अशी मर्यादा दिसली की कागदावर अधिक आलेलं उत्तरही संशयानं बघ.

सहावा कानमंत्र: सरासरी आणि खिसा वेगळे

आता तुझी ऑफर घेऊ. प्रामाणिकपणे सांगतो, ती वरच्या स्लॉटच्या ऑफरपेक्षा बरी आहे. क्रिकेटची आहे, डिपॉझिट ५,०००, बोनस ५,०००, दोन्ही मिळून पाच पट, म्हणजे ५०,००० ची उलाढाल. मुदत तीस दिवस, भाव १.८० च्या वर, एका डावाला हजाराची मर्यादा. बोनस शेवटी काढता येतो. दोन्हीकडे १.९० भाव धरले तर तोटा ५ टक्के, सीमा दहा पट आणि तुझी अट पाच पट. पन्नास हजारांवर २,५०० जातील, बोनस ५,०००. कागदावर अधिक २,५००.

पाकिटामागे इथपर्यंत आलो आणि मलाही क्षणभर वाटलं, घ्यावी की काय. मग पुढचे दोन हिशेब केले.

हजार-हजाराचे पन्नास डाव. दोन्ही बाजू सारख्या धरल्या तर सरासरी पंचवीस लागतील आणि तुला बरोबर अडीच हजार सुटतील. पण पन्नास वेळा नाणं उडवून दर वेळी पंचवीस छापे पडत नाहीत. तीस लागले तर १२,००० सुटतात. वीसच लागले तर खातं वाटेतच रिकामं आणि तुझे ५,००० गेले. सगळ्या शक्यता मांडल्या तर साधारण तीनांतून एकदा तू भरल्यापेक्षा कमी घेऊन उठतोस, आणि साधारण पाचांतून एकदा काहीच हातात राहत नाही. अडीच हजारांची सरासरी ही हजार भाच्यांची आहे. माझा भाचा एकच आहे आणि तो ही ऑफर एकदाच घेणार.

दुसरा हिशेब आयकराचा. ऑनलाइन खेळांतल्या निव्वळ जिंकण्यावर १ एप्रिल २०२३ पासून सरळ ३० टक्के कर आहे. मूळ सवलतीची मर्यादा नाही, खर्चाची वजावट नाही. निव्वळ म्हणजे खात्यातून काढलेल्या रकमेतून तू स्वतः भरलेली रक्कम वजा करून उरते ती. बोनस तू भरलेला नाहीस, म्हणून तो काढता आला की त्यावरही कर लागतो.

तुला वाटेल, अडीच हजारांवर तीस टक्के म्हणजे साडेसातशे, राहिले पावणेदोन हजार. इथेच चूक होते. कर जिंकणाऱ्या भाच्यांकडून घेतला जातो, हरणाऱ्यांना त्यातलं काही परत मिळत नाही. १२,००० सुटले तर ३,६०० जातात. ५,००० बुडाले तर सरकार तुझे १,५०० भरून देत नाही. फक्त नफ्याच्या बाजूची सरासरी काढली तर ती साधारण ४,१०० येते. तिचे तीस टक्के सव्वाबाराशे. म्हणजे करानंतर तुझी सरासरी अडीच हजारांवरून साधारण साडेबाराशेवर येते. निम्मी. उपकर मी धरलेलाच नाही.

म्हणून ज्या ऑफरचं कागदावरचं उत्तर जेमतेम अधिक आहे ती करानंतर उणे असते, असं धरून चाल.

सातवा कानमंत्र: पैसे बाहेर येतात का

हा खरं तर पहिला हवा होता. पण आधीचे सहा कळल्याशिवाय याचं वजन कळत नाही, म्हणून शेवटी ठेवला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची संमती. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणा की नशिबाचे, चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि बँकांनी त्यांचे व्यवहार करून देणं, या तिन्हींवर त्यानं बंदी घातली. शिक्षा चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि व्यवहार करून देणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला त्या कायद्यात नाही. पण याचा व्यवहारातला अर्थ समजून घे. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशांचे खेळ थांबवले. मग तुझ्या फोनवर आलेली ऑफर कोणाची? जो इथल्या कायद्यात बसत नाही आणि ज्याच्याविरुद्ध तुला कुठे दाद मागता येणार नाही, अशाची.

आता हे हिशेबात घालू. तू पाच हजार भरतोस ते नक्की जातात. परत येणं मात्र शक्यतेवर आहे. करानंतर हातात येणारी सरासरी रक्कम ५,००० अधिक १,२५०, म्हणजे ६,२५०. पैसे मागितल्यावर खरोखर मिळण्याची शक्यता किती असली की ६,२५० ची किंमत भरलेल्या ५,००० इतकी होईल? ५,००० भागिले ६,२५०. ऐंशी टक्के. म्हणजे ती साइट दहापैकी निदान आठ वेळा पैसे देत असेल तर तू बरोबरीत. नफा त्याच्या वर सुरू होतो. कर मोजला नाहीस तरी तीनांपैकी दोन वेळा पैसे यावे लागतील, कारण ५,००० भागिले ७,५०० तेवढेच येतात.

ही शक्यता कशी आजमावायची याच्या काही खुणा आहेत. पैसे भरताना यूपीआयवर कुठलं नाव दिसतं ते बघ. तू मला दाखवलंस तेव्हा तिथे कुठल्याशा किराणा दुकानाचं नाव होतं आणि "हा आयडी अर्ध्या तासात बदलेल" असं लिहिलं होतं. धंदा सरळ असणारा गल्ला अर्ध्या तासानं बदलत नाही. अशी खाती बहुधा दुसऱ्याच्या नावावर उघडून भाड्यानं घेतलेली असतात, पोलीस त्यांना म्युल खाती म्हणतात. दुसरी खूण, ओळखपत्रं कधी मागतात. भरताना कुणी विचारलं नाही आणि काढताना पॅन, आधार, सेल्फी, मग आणखी काहीतरी, असं चालू झालं की समज, वेळ काढणं चाललंय. तिसरी खूण सगळ्यात पक्की: जिंकलेले काढण्याआधी "कर म्हणून इतके आधी भरा" असं सांगितलं तर ती शुद्ध फसवणूक आहे. कर जिंकलेल्या रकमेतून कापतात, वरून भरायला लावत नाहीत. अशा वेळी एक रुपयाही न भरता १९३० वर फोन करायचा.

आणि पैसे आलेच तर? तेही एखाद्या म्युल खात्यातूनच येणार. त्या खात्यात दुसऱ्या कुणाला फसवून आणलेले पैसे असतील आणि त्यानं तक्रार केली, तर सायबर पोलीस पैशाची साखळी धरत तुझ्या खात्यापर्यंत येतात. मग तुझा पगार जमा होतो त्याच खात्यावर गोठवणूक लागते. ती उठवायला बँकेत आणि पोलीस ठाण्यात घालायच्या फेऱ्या माझ्या सूत्रात कुठेच धरलेल्या नाहीत. त्यांना किंमत लावायची कशी, हे मला चौतीस वर्षांच्या नोकरीतही कुणी शिकवलं नाही.

तुझ्या ऑफरचा निकाल असा. उलाढाल आणि टक्क्याच्या कसोटीवर ती पास होते, आणि अशा फार थोड्या होतात. एकदाच घेणाऱ्याला तीनांतून एकदा तोटा दाखवते. करानंतर निम्मी होते. आणि शेवटी, दर अर्ध्या तासानं नाव बदलणाऱ्याला दहापैकी आठ गुण द्यायला सांगते. मी त्याला दोन दिले नसते. दोनावर हिशेब केला तर ६,२५० चे हातात १,२५० येतात आणि गेलेले असतात ५,०००.

तू गेल्यावर मामी विचारत होती, "पोरगा फोनवर काय दाखवत होता? पाच हजारांचं काहीतरी म्हणत होता." मी म्हटलं, पाच नाही गं, पन्नास हजारांचं.